उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं: ओळखायचं की विचारायचं?

रात्री साडेनऊला एका वीजकंपनीच्या व्हॉट्सॲप मदत-क्रमांकावर निरोप येतो: `Light nahi`. पुढे काहीच नाही. उत्तर पाठवायचं आहे, आणि तेही लगेच. पण कुठल्या भाषेत?

लिहिणारा मराठी असेल तरी हेच दोन शब्द लिहील, हिंदी बोलणारा असेल तरी हेच लिहील. ‘लाईट गेली’ असं लिहिलं असतं तर `geli` वरून मराठी कळलं असतं, आणि `gayi` असतं तर हिंदी. देवनागरीत लिहिलं असतं तरी प्रश्न सुटला असता, कारण ‘नाही’ आणि ‘नहीं’ डोळ्यांना वेगळे दिसतात. रोमन अक्षरांत मात्र दोन्हींचं `nahi` होतं. या निरोपात भाषेचा पुरावाच नाही. कितीही हुशार यंत्रणा लावली तरी नसलेला पुरावा ती कुठून आणणार?

मदत-केंद्रं, बँका, पालिका, दवाखाने यांच्या चॅटची आखणी करताना हा वाद हमखास निघतो. एक बाजू म्हणते, माणूस ज्या भाषेत लिहितो त्याच भाषेत उत्तर द्या, उगाच विचारत बसू नका. दुसरी म्हणते, आधी ‘भाषा निवडा’ विचारा, मगच पुढे जा. दोन्ही बाजू दोन वेगळ्या प्रश्नांना एकच समजतात, आणि घोळ तिथेच होतो. पहिला प्रश्न असा की हा निरोप कुठल्या भाषेत आहे? त्याचं उत्तर मजकुरात असतं, त्यामुळे बऱ्याचदा ते ओळखता येतं. दुसरा प्रश्न असा की या माणसाला आपल्याकडून येणारं कुठल्या भाषेत वाचायला आवडेल? त्याचं उत्तर त्याच्या मनात असतं, आणि ते त्यानेच सांगायचं असतं. आमचं मत सरळ आहे: या घडीचं उत्तर अंदाजाने द्यायला हरकत नाही, पण पसंतीच्या रकान्यात अंदाज कधीही भरू नये. तो रकाना माणसाच्या बोटानेच भरला पाहिजे.

मजकुरातून नेमकं काय कळतं

देवनागरी मजकूर आला की काम सोपं वाटतं, पण लिपीवरून भाषा ठरत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य पट्टा U+0900 ते U+097F हा आहे आणि मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, संस्कृत या सगळ्या भाषा त्याच पट्ट्यातली अक्षरं वापरतात. म्हणून ‘देवनागरी दिसली की हिंदी’ असा नियम कुणी लिहिला असेल तर तो पहिल्याच दिवशी मराठी ग्राहकाला हिंदीत उत्तर देतो. खुणा शोधायच्या त्या शब्दांत. ‘आहे’, ‘मला’, ‘पाहिजे’, ‘झालं’, ‘कधी’ यांतले दोन शब्द आले की प्रमाण हिंदी बाजूला पडते. ‘ळ’ हे अक्षरही मोठी खूण आहे, कारण प्रमाण हिंदीत ते वापरत नाहीत. पण ‘ळ’ कोकणीतही भरपूर आहे. त्यामुळे गोव्यातून आलेल्या निरोपात ‘म्हाका’ आणि ‘आसा’ आहे की ‘मला’ आणि ‘आहे’, हे पाहावं लागतं.

खरी कसोटी रोमन मराठीत लागते, आणि फोनवर लिहिणारे बरेच जण तशीच मराठी लिहितात. रोमनमध्ये ‘ळ’ ही खूणच नाहीशी होते. ‘बिल मिळालं नाही’चं `bill milala nahi` होतं आणि हिंदीतलं ‘बिल मिला नहीं’ `bill mila nahi` असं येतं. फरक उरतो एका अक्षरजोडीचा. त्यात घाईघाईने लिहिलेले `nhi`, `kdhi`, `ky` आले की तोही पुसट होतो. `ky` म्हणजे काय की क्या? `pan` म्हणजे पण की पॅन कार्ड?

तयार साधनं इथे कशी चुकतात ते समजून घेण्यासारखं आहे. भाषा ओळखणारी साधनं ठरावीक भाषांच्या यादीवर शिकवलेली असतात आणि त्या यादीबाहेरचं उत्तर ती देऊ शकत नाहीत. गूगलच्या `CLD3` या साधनाच्या यादीत मराठीसाठी `mr` आहे, हिंदीसाठी `hi` आहे, रोमन हिंदीसाठी `hi-Latn` हा वेगळा कप्पाही आहे. रोमन मराठीसाठी मात्र कप्पाच नाही. मग रोमन मराठी निरोपाला ते साधन आपल्याकडच्या कप्प्यांतला जवळचा वाटेल तो चिकटवतं, आणि जवळचा म्हणजे बऱ्याचदा रोमन हिंदी. साधन बिघडलेलं नसतं. त्याच्यापुढे मराठी हा पर्यायच ठेवलेला नसतो. म्हणून कुठलंही साधन घेण्याआधी त्याच्या यादीत `mr-Latn` किंवा तशा अर्थाचा कप्पा आहे का ते पाहावं. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाचं `IndicLID` भारतीय भाषांच्या रोमन रूपांसाठीच बनवलेलं आहे, तिथून सुरुवात करणं बरं.

साधन चांगलं असलं तरी हातात किती मजकूर आहे यावर सगळं अवलंबून असतं. आम्ही सुचवू तो नियम असा: निरोपातून आकडे, नावं, पत्ता आणि ‘लाईट’, ‘बिल’, ‘मीटर’, ‘कम्प्लेंट’ असे सगळीकडे चालणारे शब्द आधी काढून टाका. जे उरेल त्यात एकाच भाषेचे म्हणता येतील असे निदान दोन शब्द असतील आणि दुसऱ्या भाषेचा एकही नसेल, तरच ‘भाषा कळली’ म्हणा. एरवी ‘कळली नाही’ म्हणा. हा तिसरा पर्याय यंत्रणेत असलाच पाहिजे. तो नसला की यंत्रणा `Light nahi` वरही ठामपणे काहीतरी बोलते, आणि तो ठामपणा पुढच्या सगळ्या कामांत झिरपतो.

लिहायची भाषा वेगळी, वाचायची वेगळी

समजा ओळख शंभर टक्के बरोबर आली. तरी दुसरा प्रश्न सुटत नाही.

डोंबिवलीतल्या एखाद्या घरात आजींच्या मीटरची तक्रार नातू लिहितो. तो इंग्रजीत लिहितो, कारण शाळेत तेच लिहायची सवय आहे. उत्तर वाचणार आजी, आणि त्यांना मराठी हवं. दुसरा एक जण कंपनीकडून आलेला इंग्रजी एसएमएस जसाच्या तसा पुढे पाठवतो आणि खाली `he kay ahe` एवढंच लिहितो. यंत्रणा शब्द मोजते, चाळीस इंग्रजी शब्दांपुढे तीन मराठी शब्द हरतात आणि उत्तर इंग्रजीत जातं. खरं तर त्याला इंग्रजी कळलं नाही हीच त्याची तक्रार होती! तिसऱ्याच्या फोनवर बोलून लिहायची सोय हिंदीवर लावलेली असते. तो मराठीत बोलतो, फोन ते हिंदी शब्दांत बसवतो आणि आपल्याकडे धड हिंदी नाही, धड मराठी नाही असा मजकूर येतो.

फोनच्या किंवा ब्राउझरच्या भाषेवरूनही फार काही हाती लागत नाही. नवा फोन दुकानातून येतो तो बहुधा इंग्रजीवर, आणि पुष्कळ जण तो तसाच ठेवतात. टेलिग्रामसारखी काही ॲप्स `language_code` देतात, पण ती असते ॲपमधल्या बटणांची भाषा. बटणं इंग्रजीत ठेवणारा माणूस बिलाबद्दलचा खुलासा मराठीत वाचू इच्छित असू शकतो.

यात आणखी एक धागा आहे, लिपीचा. रोमन मराठी लिहिणाऱ्याला रोमन मराठीतच उत्तर द्यावं का? महाराष्ट्रापुरतं आमचं उत्तर नाही असं आहे. इथे बहुतेक जण रोमनमध्ये लिहितात ते कीबोर्ड बदलण्याचा कंटाळा म्हणून. वाचायला त्यांना देवनागरीच सोयीची पडते. `tumchi takrar nondavli ahe` हे एखाद्या कार्यालयाकडून आलं तर वाचायला वेळ लागतो आणि खोटा निरोप असल्याची शंकाही येते. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेल्या मराठी मुलांचं मात्र उलट असतं. घरी मराठी बोलतात, कळतं सगळं, पण देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी रोमन मराठी हा स्वतंत्र पर्याय ठेवावा लागतो. दोन्हीकडे रोमन मराठी निरोप सारखाच दिसतो आणि हवं असलेलं उत्तर वेगळं असतं. हे मजकुरातून ओळखता येणं शक्यच नाही.

लिहिलेल्या भाषेतच उत्तर द्यावं ही कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. केंद्र सरकारच्या 1976 च्या राजभाषा नियमांत हिंदीत आलेल्या पत्राला केंद्रीय कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यायचं, असं सांगितलं आहे. त्यातला एक तपशील फार बोलका आहे: कर्मचाऱ्याचा अर्ज हिंदीत लिहिलेला *किंवा त्यावर हिंदीत सही केलेली* असेल, तरी उत्तर हिंदीतच. अर्ज इंग्रजीत असला तरी सही हिंदीत आहे, म्हणजे माणसाने आपली भाषा सांगितली असं धरायचं. नियम करणाऱ्यांनाही नुसता मजकूर अपुरा वाटला, म्हणून त्यांनी माणसाच्या हाताची एक खूण त्यात धरली. चॅटमध्ये त्या सहीच्या जागी बटण येतं.

कधी विचारायचं, कसं विचारायचं

आधी भाषा विचारून मगच ऐकून घेणं ही पद्धत फोनवर ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणून सगळ्यांच्या परिचयाची आहे. फोनवर ती ठीक होती, कारण तिथे माणसाने अजून काही बोललेलंच नसतं. चॅटमध्ये त्याने आपलं म्हणणं मांडून झालेलं असतं. त्यावर ‘भाषा निवडा’ एवढंच उत्तर आलं की आपलं कुणी वाचलंच नाही असं त्याला वाटतं. त्यामुळे विचारायचं जरूर, पण पहिल्या उत्तराच्या *सोबत*, त्याच्या आधी नाही.

एक निरोप घेऊन पाहू: `Kalpasun light geli ahe, complaint karun pan kon ala nahi`. यातून `light` आणि `complaint` बाजूला काढले. `nahi` आणि `kon` दोन्हीकडचे, तेही सोडले. `pan` संशयित, आणि `karun` हिंदीतल्या ‘करूँ’सारखाही दिसतो, ते दोन्ही मोजू नका. तरी `kalpasun`, `geli`, `ahe`, `ala` एवढे चार मराठीचे उरतात आणि हिंदीचा एकही नाही. `kalpasun` तर एकटाच पुरेसा आहे, कारण हिंदीत तिथे `kal se` असे दोन सुटे शब्द आले असते. मराठीत ‘पासून’ शब्दाला चिकटून येतं. भाषा कळली. उत्तर देवनागरी मराठीत जाईल: ‘कालपासून वीज नाही आणि आधीच्या तक्रारीवर कुणी आलं नाही, हे नोंदवलं आहे. कृपया बिलावरचा ग्राहक क्रमांक पाठवा.’ त्याच निरोपात खाली एक ओळ: ‘पुढचे निरोप कोणत्या भाषेत पाठवू?’ आणि तीन बटणं: `मराठी`, `हिन्दी`, `English`.

आता `Light nahi`. भाषा कळली नाही. इथे एक मोह होतो की पुढच्या निरोपातून कळेल, थोडं थांबू. पण आपण ग्राहक क्रमांक मागणार आहोत, आणि पुढचा निरोप येणार नुसता आकड्यांचा. आकड्यांना भाषा नसते. म्हणून इथे उत्तर दोन भाषांत द्यायचं: वर मराठी, खाली हिंदी, प्रत्येकी दोन छोटी वाक्यं, आणि तीच तीन बटणं. दोन भाषांतलं उत्तर लांबलं तर कुणीच वाचत नाही, त्यामुळे वाक्यं दोनच.

तिसरा निरोप: `wire tutun rastyavar padli ahe`. इथे बटणं लावूच नयेत. ‘तारेपासून लांब राहा, कुणालाही जवळ जाऊ देऊ नका, जागा कुठे ते लिहा’ हे मराठीत आणि लगोलग हिंदीतही जायला हवं, कारण फोन एकाच्या हातात असला तरी भोवती उभे असलेले सगळे तो वाचत असतात. पसंती विचारायला नंतर वेळ आहे.

बटणांबद्दल थोडं. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत एका निरोपाखाली जास्तीत जास्त तीन उत्तर-बटणं लावता येतात आणि प्रत्येकावर वीस अक्षरं मावतात. महाराष्ट्रात तीन भाषांत भागतं. गोव्यात कोकणी धरून चार होतात, म्हणून तिथे बटणांऐवजी यादी वापरावी लागते. यादीत दहा ओळी मिळतात. भाषेचं नाव त्याच भाषेत, त्याच लिपीत लिहायचं. `Marathi` असं इंग्रजीत लिहिलेलं बटण नेमकं त्यालाच वाचता येत नाही ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज आहे. आणि प्रश्न ‘तुमची भाषा कोणती?’ असा नको. तो अस्मितेचा प्रश्न होतो, आणि महाराष्ट्रात सध्या तो फार हळवा आहे. परगावाहून आलेल्या माणसाला तो परीक्षेसारखा वाटतो आणि इथल्या माणसाला तो विचारावा लागला याचंच वाईट वाटतं. ‘पुढचे निरोप कोणत्या भाषेत पाठवू?’ यात फक्त कामाची गोष्ट विचारलेली असते.

साठवायचं काय

माणसाने चार दिवस काहीच लिहिलं नाही आणि आपल्याला बिलाची आठवण पाठवायची आहे, तेव्हा पसंतीचा खरा उपयोग होतो. व्हॉट्सॲपवर ग्राहकाच्या शेवटच्या निरोपानंतर चोवीस तास मोकळेपणी उत्तर देता येतं. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो, आणि तो पाठवताना `mr`, `hi`, `en` असा भाषेचा संकेत द्यावाच लागतो. त्या क्षणी समोर निरोप नसतो, ओळखायला काही नसतं. तेव्हा नोंदीत अशा तीन वेगळ्या जागा हव्यात:

```
{
  "last_message": "mr-Latn",
  "preferred": "mr",
  "preferred_by": "user"
}
```

पहिली जागा प्रत्येक निरोपागणिक बदलते. दुसरी बटण दाबल्यावरच भरते, तोपर्यंत `null`. तिसऱ्या जागेत ती कुणी भरली ते राहतं. देवनागरी मराठीसाठी `mr` एवढंच पुरतं, कारण भाषा-संकेतांच्या अधिकृत यादीत मराठीची गृहीत लिपी देवनागरीच आहे. रोमन असेल तेव्हाच `-Latn` जोडायचं.

हे वेगळं ठेवण्याची गरज हिशेबाने पाहू. समजा रोज एक हजार नवे ग्राहक लिहितात आणि ओळख 95 टक्के बरोबर येते. रोज 50 जणांना चुकीच्या भाषेत उत्तर जाईल. ते खाली असलेलं बटण दाबतील आणि चूक तिथेच मिटेल. पण हाच अंदाज पसंती म्हणून साठवला तर महिन्याभरात 1,500 जण चुकीच्या भाषेत अडकतात, आणि त्यांना प्रत्येक बिल, प्रत्येक सूचना त्याच भाषेत येत राहते. त्यांनी कधीच काही निवडलेलं नसतं, त्यामुळे बदलायचं कुठे हेही त्यांना ठाऊक नसतं.

बटण दाबलंच नाही तर? पुष्कळ जण दाबत नाहीत, त्यांना लाईट हवी असते. अशा वेळी रकाना रिकामा ठेवावा, त्या संभाषणात निरोपाच्या भाषेप्रमाणे उत्तरं द्यावीत आणि तक्रार मिटल्यावर शेवटच्या निरोपासोबत एकदाच पुन्हा विचारावं. तेव्हा माणूस निवांत असतो. तरीही उत्तर नाही आलं तर साचा दोन भाषांतला पाठवावा. आणि `preferred` मराठी असताना माणसाने एखादा निरोप इंग्रजीत लिहिला, तर तेवढ्यावरून पसंती बदलू नये. ओळीने दोन पूर्ण निरोप दुसऱ्या भाषेत आले तर त्या भाषेत उत्तर द्यावं आणि ‘यापुढे असंच पाठवू का?’ असं विचारावं. ‘मराठीत सांगा’ किंवा `hindi me batao` असं सरळ लिहिलं असेल तर मात्र दुसरा प्रश्न नको, तेच बटण दाबल्यासारखं धरावं.

चुकतंय हे कसं कळतं

ओळखीचा एकच टक्का सांगितला जातो, तो फसवा असतो. पाच-सहा शब्दांच्या पुढच्या निरोपांत ओळख चांगली असते आणि एक-दोन शब्दांच्या निरोपांत वाईट. सरासरी काढली की दुसरी बाजू पहिलीत बुडून जाते. म्हणून पहिल्या निरोपांतले दोनशे घ्या, मराठी आणि हिंदी दोन्ही चांगलं येणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना न विचारता त्यांवर भाषा लिहावी आणि ‘सांगता येत नाही’ हा पर्याय त्यांनाही द्यावा. मग शब्दसंख्येप्रमाणे गट पाडून यंत्रणेशी ताडून पाहा. जिथे त्या दोघांचंच एकमत होत नाही, तिथे यंत्रणेने गप्प राहिलं पाहिजे. तिथेही ती ठाम बोलत असेल तर तिची खात्रीची पातळी फार सैल ठेवली आहे.

चालू कामात पाहायची खूण म्हणजे आपल्या पहिल्या उत्तरानंतरचा निरोप. ग्राहकाने लगेच भाषा बदलली, `marathi madhe sanga` लिहिलं किंवा उत्तर वाचून काहीच न लिहिता निघून गेला, हे तिन्ही भाषेप्रमाणे वेगवेगळं मोजा. देवनागरीत मराठी उत्तर मिळालेल्यांपेक्षा हिंदीत उत्तर मिळालेले रोमन लिहिणारे जास्त प्रमाणात निघून जात असतील, तर आधी साधनाच्या यादीत रोमन मराठीचा कप्पा आहे का ते तपासा.

राहिली एक चूक, जी ओळखीत नसते आणि विचारण्यातही नसते. दिवसा मराठी बटणामागे मराठी बोलणारी माणसं बसलेली असतात. रात्री अकरानंतर पाळीत एकच जण असतो आणि त्याला मराठी लिहिता येत नाही. बटण मात्र तेच राहतं. ग्राहक `मराठी` दाबतो आणि पुढचं उत्तर इंग्रजीत येतं. न विचारता इंग्रजी आलं असतं तर त्याने चालवून घेतलं असतं. विचारून न दिल्याचं त्याला लागतं. म्हणून बटणं पाळीप्रमाणे बदलायची सोय ठेवावी. रात्री मराठी लिहिणारं कुणी नसेल तर त्या वेळी प्रश्न विचारूच नये. आधी लिहून ठेवलेली मराठी उत्तरं पाठवावीत, माणसाने लिहिलेलं उत्तर सकाळी मराठीत येईल असं त्यातच सांगावं, आणि सकाळी ते द्यावं.